पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना आधी अ‍ॅम्पचा विचार करा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला नवशिका बहुतेक वेळा सगळे पैसे गिटारवरच घालतो. रंग ठरलेला असतो, आकार ठरलेला असतो, आवडत्या बँडमधल्या गिटारिस्टच्या गळ्यात ती कशी दिसते हेही पाठ असतं. मग उरलेल्या दोन-तीन हजारांत दुकानदार जो डबा पुढे सरकवेल तो अ‍ॅम्प म्हणून घरी येतो. आठवड्याभरात कुरकुर सुरू होते. गिटार झकास आहे, पण आवाज काही ‘तसा’ येत नाही.

‘तसा’ म्हणजे कसा, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. रॉकमध्ये गिटारचा जो भरदार, खरवडल्यासारखा, लांबत जाणारा आवाज येतो तो मुळात बिघाडाचा आवाज आहे. अ‍ॅम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त जोराचा सिग्नल त्याच्यात कोंबला की आवाजाच्या लहरींची टोकं छाटली जातात, आणि मूळ सुरात नसलेले बरेच वरचे स्वर त्यात मिसळतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’ या बँडचा पोरसवदा गिटारिस्ट डेव्ह डेव्हिस याने आपल्या छोट्याशा, स्वस्तातल्या एल्पिको अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, कारण त्याला गिटारचा स्वच्छ आवाज मिळमिळीत वाटत होता. ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यातली ती गुरगुर त्या फाटक्या स्पीकरची आहे. म्हणजे रॉकची ओळख ठरलेला आवाज एका किरकोळ अ‍ॅम्पमधून निघाला, महागड्या गिटारमधून नव्हे.

आज ब्लेड हातात घ्यायची गरज नाही, अ‍ॅम्पवर त्यासाठी बटण असतं. पण मुद्दा तोच राहतो. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धं वाद्य आहे आणि अ‍ॅम्प उरलेलं अर्धं. अकूस्टिक गिटारला पोकळ पोट असतं आणि तिचा आवाज त्यात घुमतो. इलेक्ट्रिकला पोटच नसतं. लोखंडी तार हलली की तिच्याखाली बसवलेल्या पिकअपमध्ये, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे यांच्यात, अगदी क्षीण वीज तयार होते. तिचा आवाज करायचं आणि त्या आवाजाला रॉकचा रंग द्यायचा हे काम अ‍ॅम्पचं. म्हणून मी नेहमी सांगते की ३० हजार रुपये असतील तर आधी त्यातले आठ-नऊ हजार अ‍ॅम्पसाठी बाजूला काढा आणि मग गिटारकडे वळा.

मागच्या वर्षी माझ्या भाचीसाठी हीच खरेदी करायची होती. ठाण्यातला टू-बीएचके फ्लॅट, भिंतीपलीकडे नाइट ड्यूटी करणारे शेजारी, आणि मुलीच्या डोक्यात ब्लॅक सॅबथ आणि एसी/डीसी. बजेट बरोबर ३० हजार. तिने एक गिटार मनात पक्की केली होती. टोकदार शिंगांची, काळीभोर, आणि ब्रिजला ज्याला फ्लॉइड रोझ म्हणतात तसा तरंगता ट्रेमोलो. “मावशी, याने सूर खाली नेऊन परत वर आणता येतो,” एवढंच तिला त्याबद्दल ठाऊक होतं.

ब्रिज म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर बसतात तो धातूचा भाग. नवशिक्याचं सुख-दुःख पिकअपइतकंच या ब्रिजवर अवलंबून असतं. साधा, घट्ट बसवलेला ब्रिज असेल तर तारा बदलणं हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर दांडी असलेला ब्रिज असतो आणि पाठीमागे स्प्रिंगा असतात. तारा पुढे ओढतात, स्प्रिंगा मागे ओढतात आणि ब्रिज मध्ये तोल सांभाळतो. इथे एक सोय आहे. मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढून स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळले की ब्रिज लाकडाला टेकून बसतो आणि जवळपास घट्ट ब्रिजसारखाच वागतो. तरंगत्या, कुलूपबंद प्रकारात मात्र ही तडजोड सहज होत नाही. तिथे नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, तारा क्लॅम्पने आवळलेल्या असतात आणि ब्रिज मागेपुढे दोन्हीकडे झुलतो. एक तार सुरात लावली की बाकी पाच उतरतात, त्या चढवल्या की पहिली पुन्हा बिघडते. एक तार तुटली की सगळी गिटार बेसूर. जाणत्या हातात ते अप्रतिम यंत्र आहे. ज्याला अजून ई-ए-डी-जी-बी-ई असं सहा तारांचं ट्यूनिंग धड कानावर बसलेलं नाही, त्याला ते छळतं. भाचीचं तोंड थोडं पडलं, पण ती काळी गिटार आम्ही परत भिंतीवर टांगायला लावली.

आता पिकअप. त्याचे दोन मुख्य प्रकार माहीत असले की पुरे. सिंगल कॉइल, म्हणजे एकच गुंडाळी, ही बारीक पट्टीसारखी दिसते. तिचा आवाज लखलखीत आणि थोडा धारदार असतो. पण ही गुंडाळी तारेबरोबर घरातल्या विजेचीही गुणगुण पकडते, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर, जे असेल ते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एक खर्जातली ‘हूं’ सतत मागे लागते. स्वच्छ आवाजात ती खपून जाते. डिस्टॉर्शन चालू केलं की प्रत्येक बारीकसारीक आवाज फुगतो आणि ही गुणगुणही डोक्यावर बसते. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ मध्ये तोड काढली. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवायच्या, त्या उलटसुलट गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे बसवायचे. बाहेरची गुणगुण दोन्हींत एकमेकीविरुद्ध येऊन मरते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हा हम्बकर, म्हणजे हम मारणारा. तो दिसायला रुंद असतो आणि आवाज जाड, उबदार नि ताकदवान देतो. अ‍ॅम्पला ढकलून डिस्टॉर्शनपर्यंत नेणं त्याला सोपं जातं.

रॉकसाठी ब्रिजजवळ हम्बकर हवाच, हे मी ठामपणे सांगेन. बाकी जागी काय आहे ते दुय्यम. दुकानात ‘एचएसएस’ असं म्हणा. ब्रिजला हम्बकर आणि मध्ये व मानेजवळ सिंगल कॉइल अशी ती रचना आहे. पहिल्या गिटारसाठी मला हीच सर्वांत सोयीची वाटते, कारण उद्या भावगीतात मागे हळुवार काही वाजवावंसं वाटलं तर मानेजवळच्या पिकअपचा गोड आवाजही हाताशी असतो. यामाहाची पॅसिफिका ०१२ ही अशीच एचएसएस गिटार आहे. स्क्वायर ही फेंडरची स्वस्त शाखा, तिच्या स्ट्रॅटोकास्टरही एचएसएस रचनेत मिळतात. फक्त जडच रॉक वाजवायचा असेल आणि दोन हम्बकर हवे असतील तर एपिफोनच्या लेस पॉल वळणाच्या किंवा आयबनेझच्या जीआयओ मालिकेतल्या गिटारी बघाव्यात. किमती डॉलर आणि सणांच्या सवलतींप्रमाणे हलत राहतात, पण या घरातल्या सुरुवातीच्या गिटारी साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या पट्ट्यात सापडतात.

लाकूड कोणतं, यावर दुकानात तास घालवू नका. या किमतीच्या गिटारीत पिकअप, ब्रिज आणि फ्रेट नीट बसवले आहेत की नाहीत यानेच फरक पडतो. लांबीचा फरक मात्र बोटांना जाणवतो. फेंडर वळणाच्या गिटारीत नटपासून ब्रिजपर्यंत तारेचं अंतर साडेपंचवीस इंच असतं, गिब्सन वळणाच्या गिटारीत पाऊण इंच कमी. कमी लांबीत तीच तार त्याच सुरात थोडी सैल राहते, म्हणून लहान हातांना ती सोपी जाते. भाचीला दोन्ही मांडीवर घेऊन बघायला लावल्या. लेस पॉल वळणाची तिला जड वाटली. अशा गिटारी चार किलोच्या पुढेही जातात, आणि उभं राहून अर्धा तास वाजवलं की खांदा बोलायला लागतो.

आता येते खरी परीक्षा. एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या, एकाच दिवशी आलेल्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. स्वस्त गिटारी कारखान्यात झपाट्याने तयार होतात आणि शेवटचा हात नीट फिरलेला नसतो. म्हणून अ‍ॅम्पला जोडण्याआधी, नुसत्या, कोरड्या गिटारवर चाचणी घ्यायची. दुकानदाराला ती सुरात लावायला सांगा आणि मग सगळ्यांत जाड तारेपासून सुरुवात करून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेक सूर काढा. वाजवता येत नसलं तरी हे करता येतं, पाच-सात मिनिटं लागतात. कुठे सूर ‘टक्’ करून मरतो का, कुठे तार पुढच्या फ्रेटला घासून झणझणते का, एवढंच ऐकायचं. तंबोऱ्यात जवारी म्हणून ज्या झणझणाटासाठी लोक आयुष्य घालवतात, तोच इथे दोष असतो.

नंतर पातळ तारा बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर दाबून वरच्या बाजूला ओढा, सितारीवर मींड घेतात तसं, पूर्ण एक सूर चढेपर्यंत. रॉकचं निम्मं सोलो याच ओढीवर चालतं. ओढताना सूर मध्येच गुदमरला तर त्या भागातले फ्रेट समपातळीत नाहीत. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. भाचीला पसंत पडलेली लाल एचएसएस गिटार दिसायला निर्दोष होती, पण बी तार चौदाव्या फ्रेटवर ओढली की सूर अर्ध्यात गप्प. दुकानदार म्हणाला, “मॅडम, नवीन आहे, वाजवून वाजवून सेट होईल.” फ्रेट वाजवून सेट होत नाहीत. “त्याच मॉडेलची दुसरी काढा ना,” म्हटल्यावर त्याने आतून पेटी आणली. रंग निळा होता आणि तिला लालच हवी होती, पण निळीवर एकही सूर अडला नाही. निळी घेतली.

या तपासणीत काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर चांगली गिटार नाकारली जाते आणि वाईट घरी येते. तारा फ्रेटपासून फार उंच आहेत, बोटं दुखतात? हे स्क्रू फिरवून बसतं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर थोडा चढा किंवा उतरा दाखवतो? ब्रिजवर प्रत्येक तारेचा छोटा खोगीर पुढेमागे करून तेही जुळतं. मान किंचित पुढे वाकली आहे? मानेत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पाव फेरी फिरवून मान सरळ होते. पण मान पिळवटलेली असेल, म्हणजे ब्रिजच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिल्यावर दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशेला वळलेल्या दिसत असतील, तर ती गिटार तिथेच ठेवा. फ्रेट उंचसखल असतील तर ते घासून समपातळीत आणायला होणारा खर्च या किमतीच्या गिटारला परवडत नाही. मानेच्या कडेवरून हात फिरवल्यावर फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचली तर समजा लाकूड वाळून आक्रसलं आहे. वातानुकूलित शोरूममध्ये वर्षभर टांगलेल्या गिटारीत हे हमखास सापडतं. कानशीने टोकं घासता येतात, पण दुकानदाराकडून घासून घ्या, आपण नको.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे नटमधल्या खाचा. जाड तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून ठेवा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात किती फट आहे ते पाहा. केसाएवढी हवी. तिथून उजेड आरपार दिसत असेल तर खाच उथळ आहे आणि पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागणार. एफ कॉर्ड जमत नाही म्हणून किती मुलांनी गिटार माळ्यावर टाकली असेल! त्यातल्या निम्म्यांचा दोष बोटांत नसून या खाचेत असणार, असा माझा आपला अंदाज. याच खाचेत तार अडकत असेल तर खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज येतो आणि तार ओढून सोडली की सूर जागेवर परत येत नाही. तार पाच-सहा वेळा जोरात ओढा आणि पुन्हा ट्यूनर लावा. थोडी उतरली तर नव्या तारांचं ते नेहमीचंच. दर वेळी उतरत राहिली तर नट किंवा खुंट्यांत गडबड आहे.

इतकं झाल्यावर मगच केबल लावायची. तीन किंवा पाच जागांचं पिकअपचं खटकं एकेका जागी नेऊन प्रत्येक पिकअप बोलतो का ते बघा. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवताना खरखर होते का, केबलचं टोक हलवलं की आवाज तुटतो का, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

आता अ‍ॅम्प, आणि इथे वॉटच्या आकड्याने फसायचं नाही. २० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक तीन डेसिबलचा असतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारा. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फ्लॅटमधल्या खोलीला १० ते २० वॉट भरपूर झाले, बहुतेक दिवस तुम्ही त्यातलं एक वॉटही वापरणार नाही. कुणी जुना व्हॉल्व्हचा १५ वॉटचा अ‍ॅम्प स्वस्तात देऊ केला तर मोहात पडू नका. त्याचं गोड डिस्टॉर्शन तो मोठ्याने वाजला तरच खुलतं, आणि तोपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे असतात. वॉटपेक्षा स्पीकरच्या आकाराकडे बघा. तीन-चार इंची स्पीकरमध्ये जाड तारेचा खर्ज पोहोचत नाही, सहा इंचांपासून पुढे तो अंगाला लागतो, आणि आठ इंची मिळाला तर फारच छान.

अ‍ॅम्पवर एक गोष्ट नक्की बघायची. गेन आणि व्हॉल्यूम अशी दोन वेगळी बटणं हवीत. गेन म्हणजे आत सिग्नल किती कोंबायचा, अर्थात डिस्टॉर्शन किती, आणि व्हॉल्यूम म्हणजे बाहेर किती मोठ्याने सोडायचा. ही दोन वेगळी असली की गेन पूर्ण चढवून व्हॉल्यूम कुजबुजीएवढा ठेवता येतो, आणि रात्री दहा वाजताही एसी/डीसी वाजवता येतं. काही पेट्यांमध्ये एकच व्हॉल्यूम असतो. गिटार आणि अ‍ॅम्प एकाच खोक्यात मिळणाऱ्या स्वस्त संचातले अ‍ॅम्प अनेकदा असेच असतात, किंवा त्यांचं डिस्टॉर्शन माशा घोंघावल्यासारखं असतं. अशा संचात सगळं काही असतं, फक्त रॉक नसतो.

फेंडरचा फ्रंटमन १०जी हा १० वॉटचा, सहा इंची स्पीकरचा साधा अ‍ॅम्प आहे. त्यात ओव्हरड्राइव्हचं खटकं आणि वेगळा गेन आहे. ऑरेंजचा क्रश १२ बारा वॉटचा, त्याचं गेन जरा जास्त खुनशी आहे आणि मधल्या सुरांचं बटणही वेगळं आहे. थोडे पैसे जास्त असतील तर फेंडर मस्टँग एलटी२५ सारखे डिजिटल अ‍ॅम्प वेगवेगळ्या नामांकित अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल करतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कमी बटणांचा अ‍ॅम्प बरा. शंभर आवाज हाताशी असले की मुलं संध्याकाळ आवाज शोधण्यात घालवतात आणि वाजवणं राहून जातं. पण ज्याला स्वतःवर ताबा आहे त्याने डिजिटल जरूर घ्यावा.

हेडफोनचं भोक नसलेला अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने घेऊ नये. आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा उशिरा पोहोचतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण तार छेडल्यावर आवाज उशिरा आला तर ताल धरणं अशक्य होतं. फोनवरचं गाणं लावून त्यासोबत वाजवायला ऑक्स इन असेल तर सोन्याहून पिवळं.

“घरात होम थिएटर आहे की, मग अ‍ॅम्प कशाला?” हा प्रश्न जिजाजींनी विचारलाच. गिटारच्या पिकअपला सिग्नल घेणारं तोंड खास प्रकारचं लागतं, ज्याचा विद्युत अडथळा फार मोठा असतो. होम थिएटर किंवा कराओकेच्या पेटीत गिटार लावली तर आवाज मेल्यासारखा, बोथट येतो. आणि बाहेरून पेडल लावून त्यात डिस्टॉर्शन घातलं तर उलटी तऱ्हा होते. घरचा स्पीकर सगळे वरचे सूर इमानदारीने वाजवतो. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप्प होतो, आणि डिस्टॉर्शनची किरकिर नेमकी तिथेच असते. ती गाळली जाते म्हणून आवाज जाड वाटतो. गाळली नाही तर दात शिवशिवतात.

दुकानात अ‍ॅम्प ऐकताना तो तुम्ही घेणार त्याच गिटारने ऐका. दुकानदार भिंतीवरची लाखभराची गिटार लावून दाखवतो, ती नको म्हणायचं. गेन शून्यावर ठेवून आधी स्वच्छ सूर ऐका, मग व्हॉल्यूम घरच्याइतका खाली आणून गेन हळूहळू चढवा. जाड ई तारेवर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ हलकी टेकवून छेडा. ‘चग-चग’ असा भरीव धक्का यायला हवा. नुसतं ‘फस-फस’ येत असेल तर पुढचा अ‍ॅम्प. मग दोन तारांचा पॉवर कॉर्ड आणि शेवटी सहा तारांचा पूर्ण कॉर्ड, भरपूर गेनवर. पूर्ण कॉर्डचा चिखल होणार, तो सगळ्याच अ‍ॅम्पवर होतो. गेन अर्ध्यावर आणल्यावर त्यातले सूर वेगळे ऐकू येऊ लागले पाहिजेत.

अ‍ॅम्पची तीन पिनांची प्लग आणि घरातलं अर्थिंग, याबद्दल मी थोडी कडक आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळे, आणि तसं झालं तर सगळं नीट आहे. पण तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल तर लगेच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या चाळींत, वाड्यांत तिसऱ्या भोकात अर्थिंगच नसतं, आणि काही लोक अडचण नको म्हणून तिसरी पिन कापूनही टाकतात. ‘द यार्डबर्ड्स’ या बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरात, अर्थिंग धड नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या झटक्याने गेला. परदेशातून कुणी अ‍ॅम्प आणून देत असेल तर पाठीमागची पट्टी वाचा. अमेरिकेतला अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी जळतो.

भाचीचा हिशोब असा जमला. गिटार अठरा हजार, अ‍ॅम्प साडेआठ हजार, दहा फुटांची बरी केबल सहाशे, पट्टा आणि पिक मिळून चारशे, क्लिपचा ट्यूनर चारशे, तारांचा एक जादा संच पाचशे. वर बाराशे रुपये सेटअपसाठी. एकूण २९ हजार ६००. सेटअप म्हणजे नवी गिटार जाणकाराकडे देऊन मान, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं. यात हात आखडता घेऊ नका. दुकानातून आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तार जवळपास २.८ मिलिमीटर उंच होती. कारागिराने ती १.८ वर आणली, नटच्या दोन खाचा खोल केल्या, स्प्रिंगा आवळून ब्रिज लाकडाला टेकवला आणि तिच्यावरच्या तारा उतरवून नऊ नंबरच्या चढवल्या. नऊ म्हणजे सर्वांत पातळ तार एका इंचाच्या हजारांश भागात नऊ. दुकानांत दहाचाही संच सर्रास मिळतो, पण सुरुवातीला नऊच. हलक्या तारा म्हणजे कमीपणा, असं रॉकवाल्यांत कुणी म्हणालं तर त्याला टोनी आयोमीचं नाव सांगा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. म्हणून त्याने बोटांना टोप्या केल्या आणि अगदी हलक्या तारा लावल्या, आणि ब्लॅक सॅबथचा तो जडशीळ आवाज त्यातूनच आला.

पेडल, दुसरी गिटार, महागडी बॅग हे सगळं वर्षभर थांबू शकतं. फक्त पावसाळ्यात लक्ष ठेवा. कोकणपट्टीच्या दमट हवेत तारा दोन-तीन आठवड्यांत गंजून खरखरीत होतात, आणि मान थोडी हलून तारा वर येतात किंवा झणझणू लागतात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसायची. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ, किती फट आहे ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड पाव फेरी फिरवून घ्यायला पुन्हा त्याच कारागिराकडे.